उचल नव्हे, मालाचे पैसे

तलासरीत हमरस्त्यालगतच्या पत्र्याच्या शेडमध्ये सुनिल हाडळ याने वेल्डिंगचे स्वतःचे काम सुरू केले, ते नोटाबंदीच्या पुढच्या वर्षी. आयटीआय झाल्यावर तो वापीला दुसऱ्याच्या वर्कशॉपमध्ये राबला होता. पहिले स्वतंत्र काम त्याने शब्दावर घेतले. जाळी तयार झाली आणि गिऱ्हाइकाचा बेत बदलला. एका खिडकीच्या मापाची जाळी दुसऱ्या खिडकीला बसत नाही. ती भंगारात गेली, आणि लोखंडाच्या दुकानदाराने उधारी बंद केली. दुसरे काम असेच अंगावर आले असते तर शेड बंद करून त्याला वापीची वाट धरावी लागली असती.

दुसरे काम बोर्डीहून आले. ललितभाई नावाचे वाडीवाले चिकूच्या बागेत पर्यटकांसाठी दोन खोल्या बांधत होते. त्यांना एक फाटक आणि खिडक्यांच्या जाळ्या हव्या होत्या. ओळख नवी, काम लहान. माप घेऊन झाले, दर ठरला. राहिले ते आगाऊ पैसे मागणे.

हे मागणे सुनिलला इतके जड का जावे? या मुलखात गरिबाने कामाआधी घेतलेल्या पैशाला एकच नाव आहे: उचल. सणाच्या तोंडावर वीटभट्टीचा मुकादम ती घरी आणून देतो, आणि मग सारे घर मोसमभर भट्टीवर ती फेडत राहते. सुनिलच्या आईचे, बायजीचे, तरुणपण तिथेच सरले होते. कामाआधी कुणाचा पैसा घरात आणू नकोस, एवढेच तिने मुलाला बजावले होते. आणि वाडीवाला? झाडावर फळ धरण्याआधी तोही व्यापाऱ्याकडून पैसे घेतो. पण त्याला कुणी उचल म्हणत नाही. तो व्यवहार ठरतो. एकाच कृतीची ही दोन नावे आपण किती सहज वापरतो, याची कुणाला लाज वाटत नाही.

सुनिलने आधी मनाशी वाक्ये जुळवली. आपण ललितभाईंवर संशय घेतो असे वाटता कामा नये, आणि आपण हात पसरतो असेही वाटू नये. शेवटी ओसरीवर बसून तो शांतपणे म्हणाला, "भाई, पाइप तुमच्या मापाने एकदा कापला की दुसऱ्या कुणाच्या कामाचा राहत नाही. म्हणून मालाचे पैसे आधी घेतो, सगळ्यांकडूनच. मजुरी फाटक बसल्यावर द्या, तुमची पसंती झाल्यावर."

त्याने मालाचा अंदाज लिहिलेला कागद पुढे केला. दुकानाचे बिल आणून देईन, असेही सांगितले. ललितभाईंनी खळखळ केली नाही. "तेवढंच ना? घेऊन जा," म्हणत त्यांनी नोटा काढून दिल्या. सुनिलला वाटले, अवघड ते संपले.

पाइप कापून झाले त्या सकाळी ललितभाईंचा फोन आला. वाडीत चिकू उतरवायला माणसे कमी पडत होती. सुनिलने हातचे काम ठेवून आठवडाभर यावे, बायकोलाही आणावे. फाटकाची घाई नव्हती. सुनिलने नम्रपणे नकार दिला, तेव्हा त्यांचा आवाज बदलला. "पैसे घेताना गोड लागले ना? आता बोलावलं तर नाही म्हणतोस?"

या माणसाला मी दुष्ट म्हणणार नाही. तसे म्हणून सुटका करून घेणे सोपे आहे. पैसे दिले म्हणजे माणूस मिळाला, आणि त्याच्यासोबत त्याची बायकोही, हे त्यांनी कुठे वाचले नव्हते. पिढ्यान्‌पिढ्या असेच चालताना पाहिले होते. म्हणूनच ते अधिक संतापजनक आहे.

सुनिलने टेंपो भाड्याने घेतला, कापलेले सगळे पाइप आणि वेल्डिंगचे मशीन त्यात भरले आणि तो बोर्डीला गेला. अंगणात पाइप उतरवून त्याने दुकानाचे बिल ललितभाईंच्या हातात दिले.

"हे काय रे?" त्यांनी विचारले.

"तुमच्या पैशाचा माल, भाई. पूर्ण आहे, बिलावरून मोजून घ्या. माझ्याकडे तुमचं काही राहिलं नाही. फाटक माझ्याकडून करायचं असेल तर इथंच उभं करतो. दुसऱ्याकडून करायचं असेल तरी माल तुमचाच."

ललितभाईंनी बिल पाहिले, पाइपांकडे पाहिले. वाडीत टोपल्या भरणारे गडी थांबून ऐकत होते. चिकू उतरवण्याचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. "कर," एवढेच म्हणून ते आत गेले. त्यांची पत्नी कीर्तीबेन बाहेर आल्या आणि मशीन लावायला प्लग कुठे आहे ते त्यांनी दाखवले.

फाटक बसले. मजुरी मिळाली, थोडी कापून. टेंपोचे भाडे सुनिलच्याच खिशातून गेले. आपल्यावर दुसऱ्या कुणाची मालकी नाही, एवढे सिद्ध करण्याचा खर्चही इथे ज्याच्यावर मालकी सांगितली जाते त्यालाच करावा लागतो.