सहा मार्कांची चांदणी

बंगळूरमधल्या आमच्या बसवनगुडीच्या कॉलेजात परीक्षा विभाग सांभाळणाऱ्या अक्का कधी कुणाचं अभिनंदन करीत नसत. पहिल्या आलेल्या मुलालाही "सरी, ठीक आहे, इथं सही कर" एवढंच. त्यांचं घराणं इथं कित्येक पिढ्यांचं. बोलणं मराठीत कन्नड मिसळलेलं आणि वर भरपूर तिखट.

बी.कॉम.च्या निकालाच्या सकाळी माझ्या फोनवर 'प्रथम वर्ग' उमटला. बाबांनी लगेच पुण्याच्या नातेवाइकांना कळवलं. मी विनम्र दिसण्याचा सराव सुरू केला. मग खालची ओळ वाचली: १०७४ + ६, आणि शेजारी एक चांदणी. एकूण अठराशेपैकी साठ टक्के म्हणजे १०८०. माझी स्वतःची कमाई दुसऱ्या वर्गाची होती.

तडक कॉलेज गाठलं. अक्कांनी चष्म्यावरून पाहिलं.

"सहा ग्रेस. वर्ग सुधारायला."

"पण मी मागितले नव्हते."

"दिलेत, तर रागावतेस? स्वल्प ऐक. सगळे पेपर स्वतःच्या मार्कांवर पास झालीस, म्हणून मिळाले. एकूण मार्कांचा एक टक्का किंवा दहा मार्क, यांतलं जे कमी असेल, तेवढ्यापर्यंत देतात. तुझे सहा कमी होते."

"ही चांदणी काढता येते का?"

"येते की. मी नासाला फोन लावते."

मी बाणेदारपणे पुनर्मूल्यांकनाचा फॉर्म मागितला. कॉस्टिंगच्या पेपरात सहा वाढले की चांदणी आपोआप जाणार होती. अक्कांनी फॉर्म दिला, पण वर तळवा ठेवला.

"वाढले तर उत्तम. कमी झाले, तरी आपल्याकडे तेच नवे मार्क धरतात. दहातले सहा तू वापरलेस. पाच कमी आले तर किती?"

"१०६९. अकरा कमी."

"मग ग्रेसही नाही, वर्गही नाही. नातेवाइकांना पुन्हा फोन करायला बाबांना सांगून ठेव."

मी पेन खाली ठेवलं. अपमान गिळायला वेळ लागत होता, म्हणून तिथंच उभी राहिले. अक्का फॉर्म ड्रॉवरमध्ये ठेवत म्हणाल्या, "माझे तीनच कमी होते."

"मग प्रथम वर्ग मिळाला असेल."

"नाही. स्टॅटिस्टिक्समध्ये पास व्हायला दोन घेतले होते. पास होण्यासाठी एकदा हात धरला, की वर्गासाठी परत धरत नाहीत. एम.कॉम.च्या प्रवेशाला प्रथम वर्ग हवा होता. लेक्चरर व्हायचं होतं. झाले क्लार्क. तीस वर्षं दुसऱ्यांचे प्रथम वर्ग वाटतेय."

सांत्वन सुरू होईल या भीतीनं की काय, त्यांनी घाईनं माझ्या मागच्या मुलीला हाक मारली.

पुढच्या वर्षी त्या निवृत्त झाल्या. निरोप समारंभाला मुद्दामच आल्या नाहीत. भाषणांत सगळ्यांनाच ग्रेस मार्क देतात, असा त्यांचा निरोप आला.

आता मी पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात हिशेब पाहते. मुलाखतीत मी सहा मार्कांचं आधीच सांगून टाकलं होतं. साहेब म्हणाले, "हे आम्ही विचारलंच नव्हतं." मी मान डोलावली. ज्यांना खरं तर सांगायला हवं होतं, त्या अक्कांना माझी नोकरी कळवायची राहूनच गेली.