हात वर, दिवा खाली

आमच्या नोकरीत पहिल्या आठवड्यात शिकवतात ती गोष्ट सोपी आहे. चौकात पोलीस उभा असेल आणि हाताने इशारा करत असेल, तर दिव्याकडे बघायचं नाही. दिवा हिरवा असो, लाल असो, हात म्हणेल ते खरं. हात वर, दिवा खाली. मी हे वाक्य शाळांमध्ये जाऊन पोरांकडून घोकून घेतलंय आणि दिव्याकडे बोट दाखवून माझ्याशी हुज्जत घालणाऱ्या शेकडो शहाण्यांच्या तोंडावर मारलंय.

"मॅडम, लाईट हिरवी हाय की."

"मग लाईटीला विचार पुढं जाऊ का म्हणून. माझा हात काय फुलं वेचतोय का?"

तोंड फटकळ आहे माझं. रहाटणीहून स्कूटरवर चाकणच्या रस्त्याला यायचं, धूर गिळत आठ तास उभं राहायचं आणि वर गोड बोलायचं, हे मला कधी जमलं नाही. पण हाताचं काम मी चोख करायची. समोरच्यांना थांबवायचं तर उजवा हात उभा आणि तळवा त्यांच्याकडे. पाठीमागच्यांना थांबवायचं तर डावा हात खांद्याच्या रेषेत आडवा. इशारा करण्याआधी ज्याला थांबवायचं त्याच्या डोळ्यांत बघायचं. त्याने बघितलं याची खात्री झाली की मगच दुसऱ्या बाजूला बोलवायचं. मला शिकवणारे हवालदार म्हणायचे, हात दाखवला म्हणजे हात दिसला असं नाही.

आमच्या चौकात पुण्याकडून येणारा हायवे आणि एमआयडीसीतून येणारा रस्ता एकमेकांना छेदतात. दुपारी तीनला पहिली शिफ्ट सुटली की कंपन्यांच्या बसेस, टेम्पो, दुचाक्या सगळे एकदम अंगावर येतात. पांढऱ्या रेषेच्या आत थांबणं हा तिथे कमीपणा समजतात. रेषा ओलांडून झेब्रा पट्ट्यांवर चढायचं, मग अजून थोडं सरकायचं, बसवाले तर अर्धी बस पुढे काढून ठेवतात.

त्या सगळ्यात एक काका होते. पन्नाशी उलटलेले, कुठल्याशा कंपनीत तपासणी खात्यात असावेत, शर्टाच्या खिशाला तीन पेनं. करड्या रंगाची जुनी स्कूटर. पुढचं चाक बरोबर रेषेच्या वीतभर मागे, पाय खाली, हेल्मेटचा पट्टा लावलेला. मागचे हॉर्न वाजवून बेजार करायचे, हे ढिम्म. एकदा मी जवळ जाऊन म्हटलं, "काका, तुम्ही असले की चौक सुधारल्यासारखा वाटतो." ते लाजले आणि म्हणाले, "रेषा आखलीये तर थांबायचं, त्यात काय एवढं." आमचं बोलणं एवढंच. त्यानंतर ते रोज मान हलवायचे आणि मीही.

त्या दिवशी चौकाच्या पुढे लोखंडाची कॉइल घेऊन निघालेला ट्रेलर बंद पडला. हायवेची एक बाजू तुंबली. माझा जोडीदार क्रेनसोबत ट्रेलरकडे गेला आणि चौकात मी एकटी राहिले. पुण्याकडची रांग मागे पार पुलापर्यंत गेली होती आणि दिवा तिला दर फेरीत पाऊण मिनिट देत होता. त्याने काही होणार नव्हतं. म्हणून हायवेचा दिवा लाल झाला तरी मी ती रांग हाताने सोडत राहिले आणि एमआयडीसीकडच्यांना, त्यांचा दिवा हिरवा झालेला असताना, हाताने रोखून धरलं.

इथे एक गोष्ट करायची असते. फुटपाथवर दिव्यांची पेटी असते. तिची किल्ली आमच्याकडेच असते. पेटी उघडायची, एक बटण फिरवायचं की चारी बाजूंचे दिवे पिवळे लुकलुकायला लागतात. मग हात आणि दिवा यांची भांडणं होत नाहीत. हाताने चौक चालवायचा असेल तर आधी ते करायचं. किल्ली माझ्या खिशात होती. पण पेटीपर्यंत जायचं म्हणजे मधली जागा सोडायची, आणि मी सोडली की सगळे घुसणार. दोन फेऱ्यांचं तर काम आहे, म्हटलं, कशाला. आम्ही सगळेच असं करतो. खोटं वाटत असेल तर कुठल्याही चौकात जाऊन बघा.

दोन फेऱ्यांच्या पाच झाल्या. मी पुण्याकडे तोंड करून उभी होते, डाव्या हाताने रांग बोलावत होते. एमआयडीसीचा रस्ता माझ्या उजव्या बाजूला. उजवा हात तिकडे आडवा, तळवा त्यांच्यासमोर. तिथे कंपनीची एक बस होती, झेब्रा पट्टे ओलांडून पुढे आलेली. तिच्या नाकासमोर दुचाक्यांचा घोळका. त्या ड्रायव्हरने माझा हात बघितला होता, घोळक्यानेही बघितला होता. सगळे जागच्या जागी होते. बसच्या पलीकडे, तिच्या डाव्या अंगाला, कोण आहे ते मला दिसत नव्हतं.

त्यांचा दिवा सहाव्यांदा हिरवा झाला आणि नुकतीच मागून येऊन थांबली असावी अशी ती करडी स्कूटर बसच्या आडून सरळ, सावकाश बाहेर आली. त्यांच्या उजवीकडून, म्हणजे मी बोलावलेल्या रांगेतून, टेम्पो येत होता. मी शिट्टी फुंकली. ती कुणालाच ऐकू गेली नाही.

काका तिथेच गेले. मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं होतं. पेनं रस्त्यावर पडली होती आणि ती गोळा करावीत असं मला सारखं वाटत होतं.

संध्याकाळी जबाब झाला. लिहून घेणारे साहेब चांगले माणूस होते, मला सांभाळायला बघत होते. त्यांनी वाक्य सांगितलं, मी मान हलवली. 'हाताचा थांबण्याचा इशारा स्पष्ट दिसत असताना सदर दुचाकीस्वाराने त्याकडे दुर्लक्ष करून वाहन पुढे नेले.' कायद्याने हात वर असतो. हात थांबा म्हणत होता. मग चूक कुणाची? मी सही केली. घरी जाऊन जेवलेही. हे लिहिताना लाज वाटते, पण जेवले.

तीन आठवड्यांनी त्यांची मुलगी चौकात आली. पंचविशीची, मोशीत कुठल्याशा लॅबमध्ये काम करणारी. भांडायला आली असेल म्हणून मी आधीच आवाज चढवायच्या तयारीत होते.

"मॅडम, मला कुणावर केस करायची नाही," ती म्हणाली. "कंपनीतले लोक भेटायला आले होते. एक जण म्हणाला, एवढे नियमवाले होते, शेवटी त्यांनीही सिग्नल तोडलाच. आईसमोर म्हणाला. तेव्हापासून आई बोलतच नाही. मला फक्त एवढंच कळायला हवं, त्यांनी तोडला का?"

मी कायदा सांगितला. दिवा हिरवा असला तरी माझा हात होता. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"त्यांना तो दिसला असेल का?"

"सगळ्यांना दिसत होता."

"मग मी त्यांच्या जागेवर थांबते. तुम्ही हात करा."

नाही म्हणायला हवं होतं. पण ती हट्ट करत नव्हती, नुसती विचारत होती, आणि मला तिला नाही म्हणता येईना. तीनची वेळ होती, जोडीदार चौक बघत होता. तिने आपली स्कूटी बापासारखी रेषेच्या आत, डाव्या कडेला लावली. थोड्या वेळात कंपनीची बस आली आणि सवयीप्रमाणे रेषा ओलांडून तिच्या शेजारी उभी राहिली. त्यांचा दिवा लाल होता, त्यामुळे माझ्या हाताने कुणाचं बिघडणार नव्हतं. मी मधे जाऊन उजवा हात आडवा केला. डाव्या हातात तिला लावलेला फोन.

"केलाय," मी म्हटलं.

"बस दिसतेय, मॅडम."

मी दोन पावलं सरकले. "आता?"

"नाही."

अजून एक पाऊल. "आता?"

"नाही. मला डावीकडचा दिवा दिसतोय फक्त." मग म्हणाली, "मी थोडी पुढे येऊ का?"

"ये."

तिने स्कूटी हातभर पुढे घेतली, मग आणखी हातभर. रेषा मागे पडली, झेब्रा पट्टे आले. बसच्या नाकाच्या पुढे तिचं हेल्मेट दिसलं तेव्हा आम्ही दोघी एकमेकींकडे बघत होतो.

"आता दिसला," ती म्हणाली. आणि मग अगदी हळू, "पण बाबा एवढे पुढे आलेच नसते."

मी हात खाली घेतला नाही. दिवा हिरवा झाला, गाड्या निघाल्या, माझ्या हाताला शिव्या देत निघाल्या, आणि जोडीदाराने येऊन मला बाजूला ओढलं.

दुसऱ्या दिवशी मी पुरवणी जबाब द्यायला गेले. साहेब म्हणाले, "बाई, कशाला स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेता? हाताचा इशारा दिव्याच्या वर आहे, हे तुम्ही आम्हाला शिकवायचं की आम्ही तुम्हाला?" मी म्हटलं, वर आहे, पण दिसला तर. त्यांनी पेन ठेवलं आणि नवा कागद ओढला. मग लिहून घेतलं. पेटीची किल्ली माझ्याकडे होती. मी दिवे पिवळ्यावर टाकले नाहीत. बस आड असल्याने रेषेच्या आत थांबलेल्या माणसाला माझा हात दिसणं शक्य नव्हतं. त्याच्यासमोर हिरवा दिवा होता आणि तो हिरव्या दिव्यावर निघाला. माझी खात्याची चौकशी सुरू झाली आणि चौकातून काढून मला ठाण्यात टेबलाच्या कामाला बसवलं. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

मुलगी तो जबाब वाचायला आली. किल्लीच्या ओळीवर तिचं बोट थांबलं. मला वाटलं आता बोलेल, चार शब्द सुनावेल, माझं मन तेवढ्यासाठी आसुसलं होतं. तिने मात्र आईला फोन लावला आणि मलाही ऐकू यावं म्हणून स्पीकरवर टाकला.

"आई, बाबांनी सिग्नल तोडला नव्हता. लिहून दिलंय त्यांनी. दिवा हिरवा होता आणि बाबा रेषेच्या आत होते, म्हणून त्यांना हात दिसला नाही."

मी टेबलाच्या या बाजूला हात मांडीवर ठेवून बसले होते.

"म्हणजे," आई म्हणाली, "इतरांसारखे जरा पुढे सरकून उभे राहिले असते, तर घरी आले असते?"

मुलीने माझ्याकडे बघितलं. उत्तर मला माहीत होतं, तिलाही माहीत होतं. "हो, आई," ती म्हणाली.