एकच टिक

अल-मीना या बंदरवस्तीत बाई वारली की नजमियाला बोलावणं येई. गेली सव्वीस वर्षं ती मेलेल्या बायकांना अंघोळ घालत होती आणि एका पैशालाही शिवली नव्हती. कुणी पाकीट पुढे केलं तर म्हणे, "हे ठेव तुझ्याकडे. मला वरून मिळणार आहे, मध्ये हात घालू नकोस." कोमट पाणी, बोरीच्या पाल्याची पूड, शेवटच्या पाण्यात कापूर. आधी उजवी बाजू, मग डावी. केस विंचरून तीन वेण्या, त्या पाठीमागे सोडायच्या. अंगावरची चादर कधी सरकू द्यायची नाही आणि पाहिलेलं बाहेर कधी बोलायचं नाही. पोलिसाची बायको असो की कोळ्याची आई, तिचे हात सगळ्यांना सारखेच लागत.

इनाम तिची चाळीस वर्षांची मैत्रीण. पूर्वी भिंतीला भिंत लागून राहायच्या. पुढे इनामचं कुटुंब शहराच्या दुसऱ्या टोकाला, अबू समराच्या चढावर राहायला गेलं. दोन वर्षांपूर्वी नजमियाने आपल्या गस्सानसाठी इनामच्या मुलीला, रोलाला मागणी घातली. रोलाने स्वच्छ नकार दिला. नजमिया सात महिने त्या घराची पायरी चढली नाही. मग एका ईदला इनामच दारात येऊन उभी राहिली. "मुलं गेली चुलीत. तू मला अंघोळ घालणार आहेस ना? परक्या बाईचा हात मला नको. मला गुदगुल्या होतात." दोघी हसल्या, रडल्या. रोला मात्र तेव्हापासून तिच्याशी मोजूनमापून बोलू लागली.

मार्चमध्ये इनामची मूत्रपिंडं थकली. डॉक्टरने घरी न्यायला सांगितलं तेव्हा नजमियाने रोलाला बजावलं, "काहीही झालं तर मला कळव. वेळ बघू नकोस."

अडचण फोनची होती. त्याची बॅटरी म्हातारी झाली होती आणि गल्लीतल्या जनरेटरचा भरवसा नव्हता. दुपार व्हायच्या आत फोन मान टाकायचा. गस्सान टॅक्सी चालवायचा. शुक्रवारी जेवायला आला तेव्हा त्याने फोन हातात घेतला, दोनचार ठिकाणी बोट लावलं.

"घे. बॅटरी वाचवायची सगळ्यात कडक सोय चालू केली. आता रात्रीपर्यंत पुरेल."

"काय केलंस नेमकं?"

"पडदा काळा झाला की वायफाय बंद, डेटा बंद. पडदा उजळलास की परत चालू. तू काय दिवसभर त्यात बघत बसतेस थोडीच?"

"फोन येतील ना?"

"येतील गं आई, साधे फोन येतील. भात वाढ."

नजमियाने 'रात्रीपर्यंत पुरेल' आणि 'फोन येतील' एवढंच लक्षात ठेवलं. साधा फोन आता कोण करत होतं? रिचार्जचे पैसे डॉलरच्या दराने मोजावे लागू लागल्यापासून अख्खं शहर व्हॉट्सअॅपवरच बोलत होतं.

मंगळवारी रोलाने इनामची तब्येत ढासळल्याचं कळवलं, पण आत्ता येऊ नका, गरज पडली की बोलावते म्हणाली. बुधवारी पहाटेपासून नजमियाने फोन झग्याच्या खिशात ठेवला. कापूर, पूड, हातमोजे, नवा कंगवा अशी पिशवी भरून दाराशी ठेवली. सकाळभरात तिने आठनऊ वेळा फोन काढला. बटण दाबायचं, घड्याळ बघायचं, काही आलेलं नाही असं बघून पुन्हा बटण दाबायचं. दोनतीन सेकंदांचं काम. वायफाय जोडलं जाऊन निरोप उतरायला तेवढा वेळ पुरत नाही, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. नऊच्या सुमारास वाण्याचा साधा फोन आला: "हाज्जा, मसूर आलीय, ठेवू का?" कानाला लावून ती दोन शब्द बोलली आणि तिची खात्री पटली, फोन धडधाकट आहे. इनाम अजून आहे.

पावणेबाराला तिने गस्सानला आवाजी निरोप पाठवायला फोन उघडला. काय सांगायचं ते जुळवत असताना पडदा चांगला अर्धा मिनिट उजळलेला राहिला. मग फोन हातातच थरथरू लागला, थांबेचना. अकरा निरोप. सहा पन्नास: "मावशी, आई तुम्हाला बोलावतेय." सात दहा: "लवकर या." तीन सुटलेले कॉल. आठ वीस: "आई गेली." साडेनऊ: "अंघोळ घालायची आहे. येताय का?" त्यानंतरचा शेवटचा एका शब्दाचा होता: "समजलं."

मिळेल ती टॅक्सी करून ती चढावर पोचली तेव्हा पुरुष जनाजा खांद्यावर घेऊन जिना उतरत होते. नजमिया पिशवी छातीशी धरून भिंतीला चिकटून उभी राहिली. इनाम तिच्या खांद्यापासून वीतभर अंतरावरून गेली.

वर बायकांनी खोली भरली होती. रोलाने भेटीच्या रीतीप्रमाणे गाल पुढे केला नाही.

"मला निरोप मिळाला नाही, पोरी. अल्लाची शपथ, आत्ता मिळाला."

"एकच टिक होती, मावशी. सकाळपासून सगळ्या निरोपांवर एकच टिक. कॉल लावला तर तिकडे वाजतही नव्हता. तुम्ही मला ब्लॉक केलंत, दुसरं काय असतं त्याचं?"

"साधा फोन करायचास!"

"ज्या माणसाने दार लावून घेतलं त्याच्या खिडकीवर दगड मारू? आई इथे मरत असताना?"

"मी कशाला दार लावेन! फोनच बिघडलाय. हा बघ." नजमियाने फोन उघडून समोर धरला.

रोलाने डोळे पुसले, स्वतःचा फोन घेतला आणि एक टिंब पाठवलं. नजमियाच्या हातात लगेच 'टिंग' झालं. रोलाच्या फोनवर दोन टिका उमटल्या. शेजारच्या बाईने मान वाकवून बघितलं आणि शेजारणीच्या कानाशी लागली.

"पोचतोय की," रोला म्हणाली.

पडदा उजळलेला होता, म्हणून पोचत होता. नजमियाला ते त्या क्षणी माहीत नव्हतं. तिच्याच हातातल्या फोनने तिला सगळ्यांदेखत खोटं पाडलं होतं.

कोपऱ्यात धर्मादाय संस्थेची तिशीची बाई ओल्या बाह्या सारख्या करत होती. अंघोळ तिनेच घातली होती. ती उठून जवळ आली. "काळजी करू नका हाज्जा, सगळं रीतीने झालं."

"वेण्या किती घातल्यास?"

"दोन. केस फार उरले नव्हते ना."

तीन घालतात, हे नजमियाच्या ओठांवर आलं आणि तिने ते गिळलं.

संध्याकाळी गस्सानने फोन बघितला आणि कपाळाला हात लावला. या वेळी त्याने सगळं नीट सांगितलं. पडदा दोनदा काळा करून, आपल्या फोनवरून निरोप पाठवून एक टिक दाखवली. मग उजळून दुसरी.

"मी जातो, रोलाला समजावतो."

"तू? त्या दारात? तू गेलास म्हणजे मी तो नकार अजून मनात धरलाय, अशी त्यांची खात्रीच पटेल."

तिसऱ्या दिवशी, सांत्वनाच्या शेवटच्या बैठकीला, ती स्वतः गेली. रोलाला स्वयंपाकघरात गाठून ओट्यावर फोन ठेवला, काळा केला. "आता पाठव." रोलाने पाठवलं. एक टिक. दोघी बघत उभ्या राहिल्या. गॅसवर कॉफी उतू गेली, रोलाने ती बंद केली. अजून एकच टिक. मग नजमियाने बटण दाबलं आणि बोट काढून घेतलं. वायफाय नव्हतं, डेटा परत यायला पाचसात सेकंद लागले. 'टिंग'.

रोलाने स्वतःचा फोन ओट्यावर पालथा ठेवला.

"आठ वाजता आई विचारत होती, नजमिया आली का?" ती म्हणाली. "मी म्हटलं, तिने आपल्याला तोडलं. तेच ऐकून गेली ती."

नजमियाने ओट्यावरचा आपला फोन उचलून खिशात टाकला.

"हे आज का दाखवलंत, मावशी? तुमच्यावर राग होता, तोवर मला झोप लागत होती."

"मग माझ्यावरच धर."

"आता कसा धरू?"

बाहेरून कुणीतरी कॉफी मागितली. रोलाने ट्रेमध्ये पेले मांडले आणि ती बाहेर गेली. नजमिया तिच्या मागून गेली, दाराजवळची खुर्ची घेतली आणि कुराणपठण संपेपर्यंत बसून राहिली. रोलाचा ट्रे सगळ्या खोलीत फिरला. नजमियासमोर आला तेव्हा रोलाने पेला तिच्या हातात दिला, पण तिच्याकडे बघितलं नाही.