सात नावांचं पान

आमच्या वाचनालयात शाईचं पेन घेऊन कुणी आत जाऊ शकत नसे. दारातच ते काढून घेतलं जाई, त्यावर सुतळीनं नंबर बांधला जाई आणि हातात एक टोक केलेली पेन्सिल दिली जाई. एकदा एक मोठे अधिकारी आले तेव्हाही सरांनी त्यांच्या खिशाकडे बोट दाखवून हात पुढं केला होता. "शाई सांडली तर कागद मरतो साहेब. पेन्सिल चुकली तर खोडता येते," एवढंच म्हणाले. सोलापुरातल्या शुक्रवार पेठेतली पोरंटोरं त्यांना पेन्सिल सर म्हणत. पुढं मोठी माणसंही तसंच म्हणू लागली, आणि मीही.

सर ग्रंथपाल होते. वडील हातमागावर लुगडी विणायचे, घरात तेलुगू बोलली जाई. सरांचं मराठी मात्र अस्सल सोलापुरी. आवाज कधी चढायचा नाही. घाई करणाऱ्या माणसाला ते खुर्ची द्यायचे आणि विचारायचे, "कशाला गडबड करायलाव? कागद कुठं पळून जायलाय?"

मी शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांच्याकडे गेले ते माझ्या आज्यासाठी. माझा आजा, धोंडी, तुरुंगात जाऊन आला होता. स्वातंत्र्याच्या आधीची गोष्ट. होटगीच्या पलीकडच्या आमच्या गावात सांगितलं जायचं की त्यानं बैल चोरला होता. माझ्या वडिलांनी आयुष्यभर या विषयावर तोंड उघडलं नाही. सत्त्याऐंशी वर्षांची माझी आत्या होटगीला तिच्या लेकाकडे असायची. तिनं एका दुपारी माझा हात धरून सांगितलं, "माज्या बापाला गावानं चोर म्हनलं. तू शिकलीयास. खरं काय ते बग. चोर असला तर चोर, पन मला कळू दे की."

हे मी सरांना सांगितलं तेव्हा ते हळहळले नाहीत. एक कोरा कागद घेतला, मधोमध उभी रेघ मारली. डावीकडे लिहिलं 'नोंदीवरून', उजवीकडे 'सांगण्यावरून'. मी बोलत गेले तसा उजवा रकाना भरत गेला. डावा कोराच राहिला. मग म्हणाले, "आता बाई, आधी साल धरू. तुरुंगाच्या नोंदवहीत नावं बाराखडीनं नसतात, कैदी ज्या दिवशी आत आला त्या क्रमानं असतात. साल नाही, तर काही नाही."

साल कुणालाच माहीत नव्हतं. आत्याला एवढंच ठाऊक होतं की आज्याला नेलं तेव्हा माझे वडील रांगत होते आणि तो परत आला तेव्हा ते चालायला लागले होते. मी वडिलांचा शाळेचा दाखला आणला. सरांनी जन्मतारीख पाहिली आणि माझ्याकडे बघून हसले. तारीख एक जून होती. आयुष्यभर शाळेत काढल्यामुळे मला त्या हसण्याचा अर्थ कळला. पूर्वी पोराला शाळेत घालताना आईबापांना तारीख सांगता आली नाही, की मास्तर अंदाजानं एक जून टाकून मोकळे व्हायचे. "म्हणजे ही मास्तरांची तारीख," सर म्हणाले. "दोन वर्षं मागं, दोन वर्षं पुढं धरू."

दुसरी अडचण नावाची. आमचं आडनाव वडिलांना शाळेत घालताना लागलं. आज्याच्या काळात ते नव्हतंच. "नोंदवहीत तुमचं आडनाव शोधाल तर जन्मभर सापडणार नाही," सर म्हणाले. "माणसाचं नाव, बापाचं नाव, गाव. आणि हे सगळं इंग्रजीत, कारकुनाला जसं ऐकू आलं तसं." धोंडी, धोंडू, धोंडिबा, बापाचं नाव बाळा, बाळू, बाळाप्पा. सगळ्याची स्पेलिंगं त्यांनी माझ्याकडून लिहून घेतली. नंतर जरा थांबून म्हणाले, "जातीचा रकाना असतो बाई. जुनंच नाव असेल तिथं. वाचायची तयारी ठेवा." इतक्या साधेपणानं हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

तुरुंगाच्या कार्यालयात मी आधी एकटीच जाऊन आले होते. एवढं जुनं इथं काही नाही, असं ऐकून परतले होते. सर म्हणाले, "तोंडी नाही हे उत्तर नव्हे. लेखी मागू." त्यांनी अर्ज सांगितला, मी लिहिला. त्यात आज्याची माहिती मागितलीच नाही. अमुक ते अमुक सालातल्या शिक्षाबंदींच्या, म्हणजे शिक्षा झालेल्या कैद्यांच्या, नोंदवह्या कुठं आहेत आणि त्या पाहायला मिळतील का, एवढंच विचारलं. "माणूस शोधून द्या म्हटलं की कारकुनावर काम पडतं. वही दाखवा म्हटलं की त्याला फक्त कपाट उघडायचं असतं." तीन आठवड्यांनी उत्तर आलं. जुन्या वह्या जिल्ह्याच्या अभिलेख कक्षात दिल्या होत्या; सोबत पाठवणीच्या यादीचा क्रमांकही होता. तो क्रमांक घालून दुसरा अर्ज केला आणि परवानगी मिळाली.

सर रजा टाकून माझ्याबरोबर आले. तिथल्या कारकुनानं मोठं टेबल रिकामं करून दिलं आणि समोर बसून राहिला. वही पाटाएवढी होती. तिची एक नोंद उघडलेल्या दोन्ही पानांवर आडवी पसरलेली. कैद्याचा क्रमांक, नाव, बापाचं नाव, जात, वय, गाव, धंदा, उंची, अंगावरची खूण, कलम, शिक्षा, कोर्ट, शिक्षेची तारीख, आत येतानाचं वजन, सुटल्याची तारीख, सुटतानाचं वजन, शेरा. सर पानाला बोट न लावता कागदाची पट्टी ओळीखाली सरकवत होते, म्हणजे डावीकडची ओळ उजवीकडं चुकू नये. "उजव्या पानावर दुसऱ्याचीच शिक्षा वाचली जाते," ते हळूच म्हणाले. "लई जणांचं होतं तसं."

दुसऱ्या दिवशी दुपारी धोंडी सापडला. धोंडी, बापाचं नाव बाळा, जात आमचीच. कलम तीनशे एकोणऐंशी. मी सरांकडे पाहिलं. "चोरीचं कलम आहे," ते म्हणाले. एक वर्ष सक्तमजुरी. मला आत्याचा हात आठवला. मी म्हणाले, "बास सर. मिळालं उत्तर. निघू या."

"बसा बाई." त्यांनी पट्टी जागची हलवली नाही. "नाव जुळलं म्हणजे माणूस जुळला असं नाही. वय वाचा." बावन्न होतं. रांगतं पोर असलेला माझा आजा पंचविशीचा असायला हवा होता. गाव वाचलं, तर तालुकाच वेगळा. खुणेच्या रकान्यात गालावरचा व्रण. "तुमच्या आज्याची काही खूण?" आज्याच्या डाव्या करंगळीचं वरचं पेर नव्हतं, लहानपणी कडबा तोडताना गेलं होतं. आत्यानं मला हे कितीदा तरी सांगितलं होतं, आणि त्या क्षणी मी ते साफ विसरले होते. मुलांना वर्षानुवर्षं प्रश्न नीट वाचायला शिकवणारी मी, पहिल्याच उत्तराला कबूल होऊन उठायला निघाले होते.

चौथ्या दिवशी, पुढच्या वहीत, तो भेटला. 'धोंडू', बापाचं नाव 'बाळू', गाव आमचंच, स्पेलिंग चमत्कारिक. वय चोवीस. खूण: डाव्या करंगळीचं वरचं पेर नाही. सरांनी वय, गाव, खूण अशी तीन बोटं मिटली आणि पट्टी कलमाच्या रकान्यापर्यंत नेली. एकशे त्रेचाळीस, एकशे सत्तेचाळीस. "बेकायदा जमाव आणि दंगा," सर म्हणाले. "चोरी नाही, बाई." सहा महिने सक्तमजुरी. आत येताना वजन एकशे दहा पौंड, सुटताना अठ्ठ्याण्णव. मला वाटलं, संपलं. पण सर माझ्याकडे बघतच नव्हते. ते वरखाली बघत होते.

आज्याच्या आधी तीन आणि नंतर तीन. क्रमांक ओळीनं. गाव तेच, कोर्ट तेच, तारीख तीच, कलमं तीच, जात तीच. सात माणसं एकाच दिवशी आत गेली होती. सरांनी पट्टी पहिल्या ओळीपासून सातव्या ओळीपर्यंत सरकवली. मग म्हणाले, "तुम्ही एकाला घ्यायला आलात. इथं तर सात जण बसलेत."

खटल्याचे कागद मिळतात का हेही त्यांनी पाहिलं. ते मुदत संपल्यावर नियमानं नष्ट झाले होते. वाचनालयातली जुनी वर्तमानपत्रं त्या तारखेच्या पुढंमागं आम्ही महिनाभर चाळली. एक ओळ नव्हती. मी म्हणाले, काहीतरी हक्काची लढाई असणारच. सर म्हणाले, "असेल. पण कशासाठी ते नोंद सांगत नाही. मी पण सांगणार नाही." मला त्यांचा थोडा रागच आला.

प्रमाणित नक्कल मिळाल्यावर मी सरांना घेऊन होटगीला गेले. आत्याला मी नोंद वाचून दाखवली. चोरी नाही म्हटल्यावर ती नुसती मान हलवत राहिली. मग सरांनी आपल्या कागदावरची बाकीची सहा नावं एकेक करून वाचली. तिसऱ्या नावाला तिनं हात वर केला.

"ही आमच्या वस्तीतली मानसं की. आये म्हनायची, पान्यावरनं झालं हुतं. आडावर गेलती सगळी." थोड्या वेळानं तिनं विचारलं, "म्हंजी माजा बाप येकटा नव्हता तितं?"

"नव्हता आत्या," सर म्हणाले. "मागं तीन, पुढं तीन."

तिनं तोंडाला पदर लावला. सरांनी कागद मांडीवर घेऊन पाण्याची गोष्ट उजव्या रकान्यात लिहिली. 'सांगण्यावरून.' माझा राग तिथंच गेला. आत्याचा शब्द त्यांनी नोंदीत मिसळला नाही, पण नोंदीच्या बरोबरीनं, त्याच कागदावर बसवला.

आत्या पुढच्या वर्षी गेली. सर निवृत्त झाले, पण ती सहा नावं त्यांनी सोडली नाहीत. गावात, रेल्वेच्या चाळीत, सोलापुरातल्या वस्त्यांत फिरून त्यांनी चार घरं शोधून काढली. प्रत्येक घरी ते स्वतः गेले, चहा घेतला, नोंद वाचून दाखवली. ही त्यांच्या जातीची माणसं नव्हती, गावाची नव्हती. मी एकदा विचारलं, एवढं का करता? त्यांना प्रश्नच कळला नसावा. "नाव वाचलंय की मी," म्हणाले. मागच्या उन्हाळ्यात सरांचं हृदय अचानक थांबलं. अंत्यविधीला त्या चारही घरांतली माणसं आली होती. त्यांची आपसात ओळख तिथं झाली.

उरलेली दोन नावं मी घेतली. एक अजून सापडलेलं नाही. दुसरं गेल्या महिन्यात कुंभारीला, कामगारांच्या वसाहतीत मिळालं. माझ्याच वयाची एक बाई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसली होती. मी तिच्या आज्याचं नाव विचारलं, बापाचं नाव विचारलं, गाव विचारलं. सगळं जुळलं. मग म्हटलं, तुमच्या आज्याची तुरुंगातली नोंद माझ्याकडे आहे. तिचे हात थांबले. आत कुणी ऐकत नाही ना ते तिनं मान वळवून पाहिलं आणि अगदी हलक्या आवाजात विचारलं, "चोरीची?"

"न्हाय," मी म्हणाले, आणि तिच्या शेजारी बसले.