तीन तिचे, दोन त्याचे

आमच्या एकोडीत देवाजीइतके फोटो काढणारा माणूस दुसरा नसेल, आणि इतके कंटाळवाणे फोटो काढणाराही नसेल. धानाच्या पानावर डाग पडला की फोटो. तो कृषी केंद्राच्या दुकानदाराला पाठवायचा. तलावात पाणी किती उरलं, म्हैस लंगडते कशी, बांध कुठे फुटला, सगळ्याचे फोटो. वय अठ्ठावन्न, तीन एकर धानाची शेती, मूलबाळ नाही, बोलणं अगदी मोजकं. मी त्याच्या शेजारी राहते आणि इथल्याच शाळेत शिकवते. फोनचं काही अडलं की तो माझ्याच ओट्यावर येऊन उभा राहायचा, आणि मीही त्याला चार टोमणे मारल्याशिवाय फोन हातात घ्यायची नाही.

त्याची बायको आनंदाबाई गेली तेव्हा मात्र मला एकही टोमणा सुचला नाही. कॅन्सर होता. नागपूरला आठ महिने ये-जा चालली. ती गेल्यावर देवाजी रडला नाही. लोक भेटायला यायचे, तो खुर्च्या मांडायचा, पाणी द्यायचा. कोणी म्हटलं जेव, की जेवायचा. मला त्याचा रागच येत होता, खोटं कशाला सांगू.

तेरवीच्या दोन दिवस आधी, दुपारी, तो फोन घेऊन आला. मंडपवाल्या भुपेंद्रने जेवणाच्या मंडपात मोठा टीव्ही लावायचं कबूल केलं होतं आणि एक अ‍ॅप घ्यायला सांगितलं होतं. ते अ‍ॅप म्हणे फोनमधले फोटो स्वतःच शोधतं, चेहरा ओळखतं, मागे भजन लावतं आणि श्रद्धांजलीचा व्हिडिओ करून देतं. तो व्हिडिओ भुपेंद्रला पाठवायचा, एवढंच काम. मी अ‍ॅप उघडलं. त्याने लगेच फोटो आणि व्हिडिओ पाहायची परवानगी मागितली, आणि माझा अंगठा सवयीने "सगळ्यांना परवानगी द्या"वर गेलाच होता.

"थांबा बाई," देवाजी म्हणाला. "सगळे म्हंजे कोनते?"

"सगळे म्हणजे सगळे. फोनमध्ये आहेत तेवढे."

"मंग नोको."

त्याने माझ्या हातून फोन घेतला आणि "परवानगी देऊ नका"वर बोट ठेवलं. अ‍ॅप अडून बसलं, फोटोंशिवाय व्हिडिओ होणार नाही म्हणालं. देवाजी ओट्याच्या कडेला बसला आणि जमिनीकडे पाहत सगळं सांगून गेला, खताचा भाव सांगावा तितक्या सपाट आवाजात.

आनंदाबाईच्या छातीवरची जखम चिघळली होती. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की दर दोन दिवसांनी जखमेचा फोटो पाठवा, दरवेळी इतक्या लांब येऊ नका. देवाजीने तसे फोटो काढले. जखमेचे, केस गेलेल्या डोक्याचे, सुजलेल्या तोंडाचे. दरवेळी ती पदर बाजूला करायची आणि तोंड भिंतीकडे फिरवायची.

"ती म्हने, डॉक्टरले दाखवा, पन दुसऱ्या कोनाले दाखवू नोका. मले असं कोनी पायलं नाई पायजे. मी म्हटलं, नाई दाखवत."

मला एकदम आठवलं. मागच्या महिन्यात पलीकडच्या गावात एका तेरवीला याच अ‍ॅपने नाकात नळी घातलेला म्हाताऱ्याचा चेहरा उचलला होता. लोक पंगतीत बसून तेच पाहत होते. अ‍ॅपला काय, चेहरा तो चेहरा. माझा अंगठा एक क्षण आधी टेकला असता तर अख्ख्या गावाने आनंदाबाईला तसं पाहिलं असतं.

"मग ते फोटो काढून का नाही टाकत?" मी विचारलं.

"तिचेच होत ना ते. शेवटचे."



मी अ‍ॅप बंद करून पुन्हा उघडलं. परत तीच विचारणा आली. यावेळी मी सवय बाजूला ठेवून नीट वाचलं. तिथे आणखी एक पर्याय होता, फोटो निवडून देण्याचा. फोन गेल्या वर्षीचा, नवा, म्हणून त्यात तो होता. मी देवाजीला समजावलं, "यात तुम्ही खूण कराल तेवढेच फोटो त्याला दिसतील. बाकीचे त्याच्यासाठी नाहीतच."

"पक्कं?"

"पक्कं. पण निवडायचे तुम्हीच. मी पाहणार नाही."

मी तोंड फिरवून बसले. तो बोटाने फोटो सरकवत राहिला. सर्वांत नवे फोटो वर असतात, म्हणजे आधी ते आठ महिने ओलांडावे लागणार होते. त्याचा श्वाससुद्धा बदलला नाही. बऱ्याच वेळाने म्हणाला, "आता पाहा." पडद्यावर करपलेली पानं, शेतातल्या बोडीतलं, म्हणजे छोट्या तळ्यातलं पाणी, सातबारा, म्हैस, पुन्हा पानं. जुन्या फोनमधले फोटोही मोबाईलच्या दुकानदाराने यात टाकून दिले होते. सात वर्षांचे, दोन हजारांच्या आसपास. आम्ही दोघांनी तळापर्यंत पाहिले.

आनंदाबाई तीन ठिकाणी सापडली. एक तिच्या आधारकार्डाचा फोटो. हाराखालची तसबीरही त्यावरूनच मोठी करून आणली होती. दुसरा कोणाच्या तरी लग्नातला, अर्धा चेहरा नवरदेवाच्या मामाने झाकलेला. तिसरा रोवण्यातला, धानाच्या लावणीच्या वेळचा. बांधीतल्या चिखलात ओळीने वाकलेल्या बायांत ती एकटीच मान वर करून पाहत होती. फोटो खरं तर रोपांच्या पेंढ्यांचा होता.

तिन्हींवर खूण केली. अ‍ॅपने सांगितलं, कमीत कमी पाच फोटो हवेत. आणखी फोटो निवडा, नाहीतर सगळ्यांना परवानगी द्या.

देवाजीने ती ओळ दोनदा वाचली. मला वाटलं, आता हा कंटाळून सगळ्यांना हो म्हणेल. मी म्हटलं, व्हिडिओच नको, तसबीर आहे ना. त्याने मान हलवली, आणखी फोटो निवडण्यावर बोट ठेवलं, खूप मागे गेला आणि दोन फोटोंवर खूण केली. दोन्ही त्याचेच. एकात तो म्हशीजवळ डोळे बारीक करून उभा, दुसऱ्यात बैलबंडीवर, थोडा वाकडा आलेला. अ‍ॅपने व्हिडिओ करून दिला.

तेरवीला मंडपात दोन पंगती उठल्या होत्या तेव्हा भुपेंद्रने टीव्ही सुरू केला. भजन लागलं. आधारकार्डावरची आनंदाबाई, लग्नातली अर्धी आनंदाबाई, रोवण्यातली आनंदाबाई. मग देवाजी आणि म्हैस. मग पुन्हा देवाजी. पडद्यावर फोटोंखाली अ‍ॅपची फुलं पडत होती, दिवा हलत होता. मागच्या बाजूला दोघं-तिघं हसले. देवाजीची मोठी बहीण रत्नाबाई पानावरून तशीच उठली.

"अरे, जित्या मानसाचा फोटो मेलेल्यात लावते का कोनी? अपशकुन हाय. बंद कर ते. काहून टाकला रे तू तुहा फोटो?"

देवाजी हातात भाताचं घमेलं घेऊन वाढत होता. तो थांबला. त्या तेरा दिवसांत पहिल्यांदाच त्याच्या आवाजात काहीतरी हललं.

"ते तिनं काढले, बाई," तो बहिणीला म्हणाला. "तिच्यापाशी फोन नोहता. माहा फोन तिनं दोनदाच हातात धरला. दोनी वेळा मलेच काढलं."

घमेलं त्याने खाली ठेवलं. मग म्हणाला, "न् म्या सात वर्षं धानाच्या पानाइचे फोटो काढले."

रत्नाबाई पुन्हा बसली. टीव्ही कोणी बंद केला नाही.