साडीने मोजलेली मूर्ती

मी भंडाऱ्याला राहते आणि घरातल्या एका खोलीत बसून मोबाइलवर कलेचा इतिहास शिकवते. कॉलेजने चित्रकलेचे प्रत्यक्ष तास वर्गात ठेवले आणि माझा इतिहास ऑनलाइन ढकलला. इतिहासात काय, बोलायचंच तर असतं, असं मला सांगण्यात आलं. सांगणाऱ्याने आयुष्यात एखादी मूर्ती धड पाहिली असेल असं मला तेव्हाही वाटलं नव्हतं, आणि आजही वाटत नाही.

त्या वर्षी वर्गात जवळच्या अड्याळ गावची एक मुलगी होती. हात असा की कोळशाच्या दोन रेघांत बसलेली म्हैस उभी करायची. इतिहासाच्या पेपरात मात्र दोनदा नापास झालेली. वडील शेतमजुरी करायचे. त्यांनी सांगून टाकलं होतं की मी सराव परीक्षा घेईन त्यात तिला जमलं नाही, तर तिसऱ्यांदा फॉर्म भरायचा नाही आणि कॉलेज बंद. हे तिने मला फोनवर सांगितलं तेव्हा रडली नाही. त्याचाच मला जास्त त्रास झाला.

सरावाचा पेपर मी मन लावून काढला. एक पहाडी लघुचित्र आणि अजिंठ्याच्या सव्विसाव्या लेण्यातली महापरिनिर्वाणाची, म्हणजे आडव्या बुद्धाची मूर्ती, दोन्हींची तुलना करा. तिच्या उत्तराचा फोटो आला आणि मी कपाळ धरून बसले. वहीच्या पानाएवढ्या त्या चित्राबद्दल तिने लिहिलं होतं, "यासमोर उभे राहिले की माणूस लहान वाटतो." आणि सात मीटरपेक्षा लांब असलेल्या, डोंगर कोरून काढलेल्या बुद्धाला तिने कोनाड्यात बसवलं होतं. इतरांची उत्तरंही थोड्याफार फरकाने अशीच. गुण मी कुणालाच कळवले नाहीत. मी प्रत्येक चित्राखाली सेंटिमीटर लिहिले होते. ते कुणी वाचले नव्हते, आणि वाचले असते तरी काय फरक पडणार होता?

मी चिडून तिला फोन केला. "अगं, इतकी मोठी मूर्ती तुला कोनाड्यातली कशी वाटली?"

ती म्हणाली, "मॅडम, ते चित्र कितीबी मोठं केलं तरी फाटत नाही. तुमीच तं पापणीचा एकएक केस दाखवला. मूर्तीचा फोटो दोनदा ताणला का फाटते. मंग मले वाटलं, जे फाटत नाही तेच मोठं असन."

मी दोन्ही फोटो पुन्हा उघडून बघितले. लघुचित्राचा फोटो एका संग्रहालयाने इतका बारकाईने काढलेला होता की बोटाने ताणत जावं आणि कुंचल्याची रेघ दिसत राहावी. मला त्याचं भारी कौतुक, प्रत्येक तासाला ताणून दाखवायची. मूर्तीचा फोटो कुणी प्रवाशाने अंधारात काढलेला, लगेच चौकोन चौकोन होणारा. पोरांच्या हातात दोन्ही एकाच काचेत यायचे. त्यांनी त्यांच्या परीने अगदी नीट हिशेब केला होता, फक्त तो उलटा निघाला होता.

पुढचे काही दिवस मी अक्षरशः हात-पाय मारले. मूर्तीच्या फोटोशेजारी माणसाची काळी आकृती काढली, तर मूर्तीबरोबर ती आकृतीही मुंगीएवढी झाली. पर्यटक उभा असलेला एक फोटो सापडला, पण तो मूर्तीच्या किती पुढे उभा आहे ते कळेना, म्हणजे तोही कामाचा नाही. मी स्क्रीनकडे बघत एकटीच ओरडायला लागले. आमच्याकडे म्हणतात तशी पुरती कावून गेले होते.

शेवटी कपाट आवरताना साडी हातात आली आणि सुचलं. ब्लाऊजपीस काढलेली साडी साधारण साडेपाच मीटर. म्हणजे मूर्तीची लांबी झाली एक साडी आणि वर चार हात. मी सगळ्यांना निरोप धाडला: वर्तमानपत्रातून वहीच्या पानाएवढा तुकडा कापा, ते झालं लघुचित्र. मग आईची साडी मागा, अंगणात पसरा, चार हात पुढे जा आणि रांगोळीने झोपलेला बुद्ध काढा. उजव्या कुशीवर, उजवा तळहात गालाखाली. रविवारी सकाळी सगळ्यांनी कॅमेरा सुरू ठेवायचा.

निम्म्या पोरांनी काही केलंच नाही. रेंज नाही, जागा नाही, आई साडी देत नाही. एकाने गच्चीवर काढला आणि पाय दुमडून टाकले, कारण गच्ची संपली. मला वाटलं, गेलं सगळं. आणि मग अड्याळच्या मुलीने फोन धाकट्या बहिणीच्या हाती देऊन तिला पायरीवर उभं केलं आणि अंगण दिसलं.

बुद्धाचं डोकं जांभळीच्या बुंध्याशी होतं. त्यांच्या घरी बुद्धवंदना होते, म्हणून तिने आधी अंगण सारवून घेतलं होतं. खांदा, कंबर, चिवराच्या चुण्या, गुडघे. अंगण संपलं तरी मूर्ती संपली नव्हती. पावलं फाटकाबाहेर, थेट रस्त्यावर गेली होती. ती स्वतः मूर्तीच्या कुशीत आडवी झाली आणि जेमतेम छातीपासून मांडीपर्यंत पुरली. वर्गातल्या कुणाचा तरी "अबे!" असा आवाज आला. मलाही हुंदका आला, पण माझा कॅमेरा बंद होता.

तेवढ्यात फाटकाबाहेर तिचे वडील येऊन थांबले. सायकलवर गवताचा भारा. पुढे जायचं तर पावलांवरून चाक घालावं लागणार होतं. आता हे ओरडणार, फोन हिसकावणार, आणि परीक्षेचं प्रकरण इथेच मिटणार, अशी माझी खात्री झाली.

त्यांनी सायकल कुंपणाला टेकवली. चपला काढल्या. रांगोळीला पाय न लावता कडेकडेने चालत डोक्यापर्यंत गेले, आणि तिथून परत पावलांकडे बघितलं.

"येवढे मोठे हायेत का?"

"हो, बाबा. सरावाच्या पेपरात हेच आलतं. मीनं कोनाड्यातले लिवलं."

ते म्हणाले, "भर फॉर्म. हे आता नाही भुलनार तू."

कॅमेरा लावून मी त्यांना नमस्कार करणार, तोच मुलगी उठून बसली आणि तिने फोनकडे तोंड करून उत्साहाने विचारलं, "मॅडम, तुमी समोर उभ्या राहिल्या तवा तुमचं डोकं कुठवर येत होतं? खांद्यापर्यंत का गालापर्यंत?"

सगळा वर्ग ऐकत होता. इतकी वर्षं मी ती मूर्ती शिकवत आले होते. तिच्या उशीची घडी मला पाठ होती, खाली बसलेल्या शोकाकुल भिक्षूंचा क्रम पाठ होता. खोटं बोलले असते तर चाललंही असतं.

"मी अजिंठ्याला गेलेच नाही गं," मी म्हणाले. "मीही फोटोतच पाहिली."

कुणी हसलं नाही. तिचे वडील फोनजवळ आले, त्यांचा चेहरा पडदाभर झाला, आणि ते मला धीर देतात तसे म्हणाले, "मंग तुमाले तरी कसं समजन, मॅडम? या ना अड्याळले. इथं उभ्या राहून पाहा."