दोन्ही बाजूंनी खरं तिकीट

बाजारात तिला सगळे भिंगवाली म्हणत. जुन्या टपाल तिकिटांचं तिचं दुकान जेमतेम एका खोलीचं, खिडकीशी मेज, मेजावर दिवा, भिंग आणि चिमटे. तिचा थोरला भाऊ, दादा, आयुष्यभर घड्याळं दुरुस्त करत आला होता आणि तिकिटांचा नाद बहिणीला त्यानेच लावला होता. आता त्याच्या डोळ्यांचा पडदा झिजत चालला होता. डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं, उरलीसुरली नजर फार दिवस टिकणार नाही.

दादाच्या संग्रहात एका मालिकेतलं एकच तिकीट नव्हतं. निळं, मुकुटाऐवजी ताऱ्याचं जलचिन्ह, म्हणजे उजेडात धरल्यावर दिसणारी कागदातली खूण, असलेल्या कागदावर छापलेलं. मुकुटवाली निळी तिकिटं पैशाला पासरी; तारावालं मात्र त्याने जन्मात पाहिलं नव्हतं. आणि अचानक परगावच्या एका व्यापाऱ्याने ते देऊ केलं. बदल्यात त्याला दादाची जुनी शिक्केवाली पाकिटं हवी होती, सगळीच्या सगळी. दुसरं गिऱ्हाईक वाट बघतंय, परवापर्यंत कळवा, असा निरोप होता.

"मला आता नीट दिसत नाही. तूच बघ," दादा म्हणाला. "तू हो म्हणालीस की मी देऊन टाकतो."

व्यापाऱ्याने पाठवलेले तिकिटाच्या दोन्ही बाजूंचे स्कॅन तिने संगणकाच्या पडद्यावर मोठे केले. चित्राची खरी रुंदी तिला पाठ होती, त्यावरून माप काढून तिने कडेची भोकं मोजली. दोन सेंटिमीटरला चौदा, हवी तशीच. मग मागची बाजू घेतली. उजेड-अंधार कमीजास्त करता करता कागदात फिकट तारा उमटला. कागदाचा पोतही जुनाच वाटला. एवढ्यावर थांबू नये, हे तिला कळत होतं. स्कॅन सपाट असतो. कागदाची जाडी, कडेचे तंतू, अतिनील दिव्याच्या जांभळ्या उजेडात दिसणारा रंग त्यात येत नाही. व्यवहार तज्ज्ञांच्या तपासणीनंतरच पक्का होईल, अशी अट घालायला हवी होती. पण तपासणीला महिने लागतात, आणि दादाचे डोळे महिने थांबणार नव्हते.

ती हो म्हणाली.

पाकिटं गेली, तिकीट आलं. दादाने ते खिडकीत धरलं, डोळ्यांशी अगदी लावलं, आणि लहान मुलासारखा हसला. ते हसू बघून तिला उगाच भीती वाटली. प्रमाणपत्र जोडून ठेवू, असं सांगून तिने तिकीट तपासणी मंडळाकडे स्वतः नेलं.

काही महिन्यांनी मंडळातल्या तज्ज्ञ बाईंनी तिला बोलावून घेतलं. तिकीट काळ्या बशीत ठेवून त्यांनी त्यावर जलचिन्ह उठून दिसावं म्हणून वापरतात तो द्रव सोडला. तारा स्वच्छ दिसला, पण त्याच्याभोवती ढगाळ डागही दिसले. मग त्यांनी कड सूक्ष्मदर्शकाखाली धरली आणि बाजूला सरकल्या. कागद दोन पदरी होता. मुकुटवाल्या निळ्या तिकिटाचा पाठीकडचा भाग खरवडून काढला होता आणि ताऱ्याच्या कागदावरच्या एका स्वस्त तिकिटाची पाठ तिथे चिकटवली होती. भोकं नंतर नव्याने पाडलेली. तिकीट फाडून वेगळं करताना टोकांना जे तंतू सुटतात, ते नव्हतेच.

"पुढची बाजू खरी आहे, मागचीही खरी आहे," बाई शांतपणे म्हणाल्या. "एकत्र मात्र खोटं आहे. स्कॅनमध्ये हे कुणालाच दिसलं नसतं."

त्या शब्दांनी तिचं समाधान झालं नाही. दिसणार नाही हे माहीत असूनच तर तिने हो म्हटलं होतं. व्यापाऱ्याचा फोन लागेना. लागला तेव्हा तो म्हणाला की पाकिटं केव्हाच ठिकठिकाणी विकली गेली, आणि अट तर तुम्ही घातलीच नव्हती.

तोवर दादाची नजर गेलेली होती. खोटं सांगितलं असतं तरी त्याला कळलं नसतं. त्याच्या दाराशी ती बराच वेळ उभी राहिली, परत फिरली, पुन्हा आली. या येरझारांत रस्त्यात तिला रडू कोसळलं तेव्हा येणारेजाणारे बघत राहिले.

"काय म्हणाले?" तिची चाहूल लागताच दादाने विचारलं.

"दादा, ते जोडलेलं आहे. चूक माझी आहे."

ते कसं जोडलंय, असं दादाने विचारलं. तिने सांगितलं, कागदाचे पदर, गोंद, भोकं, सगळं. तो कारागिरासारखा लक्ष देऊन ऐकत होता. मग म्हणाला, "जा आता."

त्यानंतर दर आठवड्याला ती जाते. तो दार उघडतो, चहाही घेतो, पण तिकिटांचं नाव काढत नाही. एकदा तिने विषय काढून पाहिला तर उठून आतल्या खोलीत गेला. दुकानात कुणी फोनवरचा स्कॅन पुढे करून खरं की खोटं विचारलं, की ती फोन हातातही घेत नाही. लोक म्हणतात, भिंगवाली हल्ली फार तुसडी झाली आहे.